फरक शून्य आला, तरी फाईल परत का पाठवतात?

महिनाअखेर झाली की अकाउंट्स विभागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "सर, बँक टॅली झाली." ज्युनिअरने बँकेचं स्टेटमेंट आणि कंपनीची हिशेबवही, म्हणजे लेजर, शेजारी शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवलेली असते, आणि तळाशी फरक शून्य आलेला असतो. तरीही सीनिअर तासाभरात वहीभर प्रश्न लिहून फाईल परत पाठवतो. बाहेरच्या माणसाचं सोडा, त्या ज्युनिअरलाही हे कोडंच वाटतं. उत्तर बरोबर आलंय, मग आता शोधताय काय?

शोधायचं हेच, की उत्तर आपसूक आलंय की ओढून आणलंय. एका महिन्याची एकच फाईल उघडून बघितली की हे लगेच लक्षात येतं. कंपनी, माणसं आणि आकडे सगळे काल्पनिक आहेत, पण अशा फायली कुठल्याही कार्यालयात सापडतील.

### ताळमेळ म्हणजे काय जुळवायचं?

कंपनीच्या लेजरमध्ये बँकेची एक शिल्लक असते आणि बँकेच्या स्टेटमेंटवर दुसरी. दोन्ही नोंदी एकाच पैशाच्या, पण ठेवणारे दोघं आणि ठेवण्याची वेळ वेगळी, म्हणून शिल्लक सहसा सारखी नसते. या दोन आकड्यांमधला फरक कशाकशामुळे पडलाय हे ओळीओळीने दाखवणं म्हणजे ताळमेळ, म्हणजेच रिकन्सिलिएशन.

फरकाची कारणं मुख्यतः दोन प्रकारची असतात, आणि इथून पुढचं सगळं याच भेदावर उभं आहे. पहिला प्रकार वेळेचा. आपण चेक दिला, लेजरला लिहिला, पण समोरच्याने अजून तो वटवला नाही. इथे आपल्याला काहीच करायचं नसतं, पुढच्या काही दिवसांत फरक आपोआप मिटतो. दुसरा प्रकार राहून गेलेल्या नोंदीचा. बँकेने शुल्क कापलं आणि आपण ते लिहिलंच नाही. हा फरक वाट बघून मिटत नाही, त्यासाठी एन्ट्री करावीच लागते.

ज्युनिअरच्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारातली गोष्ट पहिल्या प्रकारात टाकल्यामुळे होतात.

### आता फाईल बघू

30 सप्टेंबरला लेजरची शिल्लक 8,46,250 आहे आणि बँकेच्या स्टेटमेंटवर 9,12,700. ज्युनिअरने 7 ऑक्टोबरला तयार केलेला ताळमेळ असा आहे:

बँकेची शिल्लक 9,12,700
वजा: न वटलेले पाच चेक 1,27,800
अधिक: भरलेली पण बँकेत न दिसणारी रोख 64,000
वजा: टायमिंग डिफरन्स 2,650
लेजरची शिल्लक 8,46,250

खाली शेरा: "तपासले. फरक नाही." आणि सही.

बेरीज-वजाबाकी चोख आहे. सीनिअरने 15 ऑक्टोबरला फाईल हातात घेतली तेव्हा त्यानेही आधी बेरीजच तपासली, पण त्याला दोन मिनिटं लागली. बाकीचा तास गेला तो दुसऱ्याच गोष्टींत.

### फाईलीत काय नाही?

फाईलीत जे आहे ते तपासणं सोपं असतं. जे नाही ते दिसत नाही, म्हणून ते शोधायला बाहेरची यादी लागते. सीनिअर ट्रायल बॅलन्स काढतो, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा तक्ता, आणि त्यातली बँक खाती मोजतो. इथे चार निघाली आणि फाईलीत ताळमेळ तीनच खात्यांचे. चौथ्याबद्दल ज्युनिअर म्हणाला, "ते बंद आहे, शिल्लक शून्य आहे." असेलही. पण शून्य हा लेजरचा दावा झाला, बँकेचा नव्हे. खातं बंद केल्याचं बँकेचं पत्र किंवा शून्य शिल्लक दाखवणारं स्टेटमेंट लावल्याशिवाय तो दावा मान्य होत नाही. कुणी बघत नाही असं खातं हीच गैरव्यवहाराला सोयीची जागा असते.

उरलेल्या तपासण्या झटपट होतात. स्टेटमेंटची सगळी पानं आहेत ना? ऑगस्टच्या ताळमेळातली प्रत्येक अडलेली ओळ एकतर सप्टेंबरमध्ये मिटली किंवा या यादीत पुढे आली, असं दिसतं ना? आणि लेजरची 8,46,250 ही शिल्लक आजच्या ट्रायल बॅलन्सवरही तीच आहे ना? हा शेवटचा प्रश्न अनेक जण विसरतात. ताळमेळ झाल्यावर कुणी मागच्या तारखेची एन्ट्री टाकली तर जुळलेली फाईल कागदावर जुळलेलीच राहते आणि लेजर मात्र पुढे सरकलेलं असतं. या फाईलीत हे सगळं नीट होतं.

### पुरावा कुणाच्या हातचा?

फाईलीला जोडलेला प्रत्येक कागद हातात घेऊन एकच गोष्ट विचारायची: हा कागद कुणी बनवला? बँकेकडून थेट आलेलं स्टेटमेंट सर्वात भक्कम. बँकेच्या पोर्टलवरून उतरवलेली एक्सेल फाईल थोडी कमजोर, कारण ती उतरवल्यावर कुणीही बदलू शकतं. आपलंच व्हाउचर सर्वात कमजोर, कारण ज्या लेजरची आपण परीक्षा घेतोय त्याच लेजरचा तो पाया आहे.

हे फार ताणल्यासारखं वाटत असेल तर मोठी प्रकरणं आठवा. सत्यमच्या संस्थापकांनी 7 जानेवारी 2009 च्या पत्रात कबूल केलं की ताळेबंदातले रोख आणि बँक शिलकेचे 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत. जर्मनीच्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीमध्ये जून 2020 ला 1.9 अब्ज युरोंचा पत्ता लागेना. ते पैसे फिलिपिन्समधल्या दोन बँकांत असल्याचं दाखवलं होतं आणि त्या बँकांनी ती कागदपत्रं बनावट असल्याचं सांगितलं. दोन्ही ठिकाणी पुरावा म्हणून कागद होतेच. प्रश्न ते कुठून आले एवढाच होता.

आपल्या फाईलीत पाच चेकच्या यादीला पुरावा म्हणून चेकबुकच्या अर्धपट्ट्या जोडल्यात, म्हणजे पुन्हा आपलाच कागद. न वटलेल्या चेकचा खरा पुरावा पुढच्या महिन्यात मिळतो. चेक खरोखर दिलेला असेल तर तो काही दिवसांत वटेल आणि ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर दिसेल. 7 तारखेला ज्युनिअरकडे हे पुरतं नव्हतं, 15 तारखेला सीनिअरकडे आहे. त्याने 1 ते 15 ऑक्टोबरचं स्टेटमेंट मागवलं. चार चेक, मिळून 1,11,800, हे 9 तारखेपर्यंत वटलेले दिसले. पाचवा, 16,000 चा, दिसला नाही. तारीख बघितली तर तो जानेवारीचा निघाला.

जानेवारीचा चेक ऑक्टोबरमध्ये वटण्याची आशा धरण्यात अर्थ नाही. चेकची मुदत बहुतेक ठिकाणी तीन किंवा सहा महिन्यांचीच असते. पण ज्युनिअरने तो आठ महिने एका यादीतून दुसरीत चिकटवत आणला, कारण यादीत चेक नंबर आणि रक्कम होती, तारखेचा रकानाच नव्हता. तारखेचा रकाना नसलेली यादी मी तरी वाचायलाच घेत नाही. पुरवठादाराला विचारल्यावर कळलं की चेक त्याला पोचलाच नाही. मग चेक रद्द करून लेजरची बँक शिल्लक 16,000 ने वाढवायची आणि तितकंच पुरवठादाराचं देणं पुन्हा उभं करायचं. इथे नवखा माणूस हटकून एक गफलत करतो: ती रक्कम उत्पन्नात टाकतो. चेक कालबाह्य झाला म्हणून उधारी फिटत नाही.

### 2,650 ची ओळ

या फाईलीतली सर्वात छोटी ओळ, आणि सीनिअरची नजर आधी तिच्यावरच गेली. कारण शेजारी ना चेक नंबर, ना तारीख, ना नाव. फक्त "टायमिंग डिफरन्स". एक्सेलमध्ये त्या आकड्यावर क्लिक केलं तर वर हे दिसलं:

```
=B8-B12
```

B8 मध्ये इतर ओळींवरून आलेली शिल्लक 8,48,900 आणि B12 मध्ये लेजरची 8,46,250. म्हणजे 2,650 ही रक्कम कुठल्या कागदावरून आलेलीच नाही. जुळत नव्हतं ते वजा करून काढलं आणि त्याला नाव दिलं. अशा ओळीनंतर फरक शून्य येणारच, तो शून्य आल्याने काहीही सिद्ध होत नाही.

ज्युनिअरचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे: "सर, साडेनऊ लाखांच्या आत-बाहेर चाललेल्या खात्यात अडीच हजारांसाठी किती वेळ घालवू?" प्रश्न रास्त आहे, फक्त अडीच हजार हा आकडा खरा नाही. ती वजाबाकीनंतर उरलेली रक्कम आहे, आणि उरलेल्या आकड्यावरून आतली उलाढाल कळत नाही. घरात एक जण तापाने फणफणलाय, दुसऱ्याचं अंग गार पडलंय, आणि दोघांची सरासरी नॉर्मल आली म्हणून डॉक्टरला बोलवायचं नाही, असं कुणी करत नाही.

सीनिअरने सप्टेंबरच्या स्टेटमेंटवर टिकमार्क नसलेल्या ओळी शोधायला सांगितल्या. तीन निघाल्या. एका ग्राहकाने थेट खात्यात जमा केलेले 15,000, ते लेजरला आलेच नव्हते. बँकेचं शुल्क 1,250. आणि दुसऱ्या एका ग्राहकाचा 11,100 चा चेक न वटता परत आलेला. 15,000 मधून 1,250 आणि 11,100 वजा करा, बरोबर 2,650 उरतात.

म्हणजे 2,650 च्या मागे 27,350 च्या नोंदी दडल्या होत्या, आणि त्यातली एकही वेळेची नाही. या कितीही महिने वाट बघून मिटल्या नसत्या. पहिल्या ग्राहकाने पैसे भरूनही त्याला वसुलीचा फोन गेला असता. दुसऱ्याचा चेक बाउन्स झालाय, पण आपल्या लेजरप्रमाणे त्याने पैसे चुकते केलेत, म्हणजे त्याला फोनच गेला नसता.

किरकोळ रकमा सोडून देण्याची मर्यादा बहुतेक कार्यालयांत ठरलेली असते, आणि ती असावीही. पण ती एकेका ओळीला लावायची, वजाबाकीनंतर उरलेल्या आकड्याला नाही. आणि ओळ काय आहे हे कळल्यावरच ती किरकोळ ठरते. काय आहे हेच माहीत नसेल तर ती किरकोळ आहे असं म्हणणार तरी कसं?

### भरणा केला, पण कधी?

आता 64,000 ची रोख. लेजरप्रमाणे ती 26 सप्टेंबरला बँकेत भरली. पुरावा म्हणून जोडलंय आपलंच व्हाउचर. ज्युनिअरचं स्पष्टीकरण: "महिनाअखेरचा भरणा, बँकेत उशिरा दिसतो."

चेकच्या बाबतीत हे चाललं असतं, कारण चेक वटायला वेळ लागू शकतो. रोख काउंटरवर भरली की साधारण त्याच दिवशी जमा होते. चार दिवसांनंतरच्या स्टेटमेंटवरही ती नसेल तर "उशीर" हे उत्तर कमी पडतं. ऑक्टोबरच्या स्टेटमेंटवर 64,000 जमा झालेले दिसले, पण 14 तारखेला. बँकेचा शिक्का असलेली पे-इन स्लिप मागवली, तिच्यावरही 14 ऑक्टोबरच.

बरेच तपासनीस इथे थांबतात. पैसे आले ना शेवटी, मिटलं. पण आधी विचारायचं ते हे, की 26 सप्टेंबर ते 14 ऑक्टोबर हे पैसे होते कुठे? तिजोरीत असतील तर 30 सप्टेंबरच्या रोख मोजणीत ते दिसायला हवेत. लेजरने 26 तारखेलाच ते रोख खात्यातून काढून बँकेत टाकले, त्यामुळे त्या दिवशी तिजोरीत लेजरपेक्षा 64,000 जास्त निघायला हवे होते. सीनिअरने मोजणीचा कागद काढला. त्यावर रोख लेजरशी तंतोतंत जुळलेली.

याचे अर्थ दोनच निघतात. 30 सप्टेंबरला ते 64,000 तिजोरीत नव्हते आणि बँकेतही नव्हते. किंवा मोजणीच नीट झाली नाही, कुणीतरी लेजरचा आकडा बघून कागदावर उतरवला. दोन्ही शक्यता गंभीर आहेत. रोख मध्येच वापरून पुढच्या वसुलीतून भरून काढायची ही जुनी युक्ती आहे, आणि ती ताळमेळात नेमकी अशीच दिसते: "भरलं, पण अजून दिसत नाही" या ओळीआड. पण आपल्याकडे अजून तसं म्हणण्याइतका पुरावा नाही, हेही खरं. नीट मोजणीचा कंटाळा केलेला माणूस चोर नसतो.

म्हणून सीनिअरने ज्युनिअरला हा प्रश्न सोडवायला सांगितला नाही. ज्युनिअर कदाचित त्याच कॅशिअरच्या शेजारी बसतो. हा मुद्दा वर जायचा असतो, तारीख टाकून, लेखी, आणि फाईल बघू शकणाऱ्या मोजक्या माणसांतच. इथे आणखी एक गोष्ट बघावी लागते: रोख भरणारा आणि ताळमेळ करणारा एकच तर नाही ना? असेल तर फाईल कितीही स्वच्छ असो, ती माणसाने स्वतःच स्वतःला दिलेला दाखला ठरते.

### ज्युनिअरवर विश्वास नाही का?

हा आक्षेप थेट कुणी बोलून दाखवत नाही, पण असतो. तपासणीत दोष निघाला की तो माणसाला लागतो. त्यावर बराचसा उपाय प्रश्न कसा लिहिला यातच असतो. "2,650 चुकीचं, दुरुस्त कर" असं लिहिलं तर ज्युनिअर आकडा बदलून आणेल, बहुधा दुसऱ्या एखाद्या नावाखाली. "स्टेटमेंटवरच्या कुठल्या ओळींना अजून टिकमार्क नाही, त्यांची यादी कर" असं लिहिलं तर तो तीन नोंदी स्वतः शोधून आणतो आणि पुढच्या महिन्यात तिथूनच सुरुवात करतो.

प्रश्नाखाली त्याने "झालं" असं लिहून दिलं तर तेही चालवू नये. काय झालं, कुठे दिसेल, हे हवं. आणि मुद्दा मिटला हे ठरवायचं काम विचारणाऱ्याचं, उत्तर देणाऱ्याचं नाही.

### सॉफ्टवेअर आपोआप जुळवतं, मग हे सगळं कशाला?

सॉफ्टवेअर रक्कम, तारीख आणि संदर्भ क्रमांक बघून जोड्या लावतं, आणि ते काम ते माणसापेक्षा चांगलं करतं. या फाईलीतले चार चेक त्याने डोळे झाकून जुळवले असते. पण तपासणीचा वेळ जातो तो न जुळलेल्या ओळींवर, आणि त्या का जुळल्या नाहीत हे माणसालाच सांगावं लागतं. शिवाय 64,000 चा भरणा त्याने 14 तारखेला हिरव्या रंगात "जुळलं" म्हणून दाखवला असता, कारण रक्कम सारखीच आहे. अठरा दिवसांची खिडकी त्याने कशाला मोजायची? नियम कुणी घातला असेल तरच तो मोजेल. म्हणून आपोआप जुळलेल्या जोड्यांमध्येही तारखांमध्ये मोठं अंतर असलेल्या जोड्या वेगळ्या काढून बघाव्यात.

### सही कशावर?

पहिल्या शेऱ्यात तीन शब्द होते. त्यावरून काय तपासलं, कशाच्या आधारे, आणि काय राहिलं, यातलं काहीच कळत नाही. शेरा कुणासाठी लिहायचा याचा सोपा निकष आहे: सहा महिन्यांनी ऑडिटरने फाईल उघडली, ज्युनिअर आणि सीनिअर दोघंही नोकरी सोडून गेलेत, तरी त्याला कुणाला फोन करावा लागू नये.

दुरुस्त्या झाल्यावर 17 ऑक्टोबरला फाईलीत हा शेरा आला:

"30 सप्टेंबरची बँक शिल्लक 9,12,700, बँकेकडून थेट आलेल्या स्टेटमेंटवरून. न वटलेले चार चेक 1,11,800, चारही 9 ऑक्टोबरपर्यंत वटले, ते स्टेटमेंट जोडलं आहे. बँकेत दिसणाऱ्या पण लेजरला नसलेल्या तीन नोंदी केल्या (15,000 जमा, 1,250 आणि 11,100 नावे). जानेवारीचा 16,000 चा चेक रद्द, पुरवठादाराचं देणं पुन्हा दाखवलं, त्याचं पत्र जोडलं आहे. सुधारित लेजर शिल्लक 8,64,900. यात 64,000 चा भरणा धरला आहे, पण तो मान्य केलेला नाही: 30 सप्टेंबरला ही रक्कम बँकेत किंवा रोख मोजणीत दिसत नाही. मुद्दा 15 ऑक्टोबरला फायनान्स मॅनेजरकडे लेखी दिला, उत्तराची तारीख 20 ऑक्टोबर. चौथ्या खात्याचं बंद झाल्याचं पत्र बँकेकडून मागवलं आहे, अजून आलेलं नाही."

खाली तयार करणाऱ्याची सही आणि तारीख. तपासणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी आहे, आणि 64,000 चं उत्तर येईपर्यंत ती तशीच राहील.